एका मोठ्या हेडऐवजी आठ लहान हेड कशासाठी?

प्रश्न: «ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक शब्दाच्या सदिशाची एकूण रुंदी ५१२ च राहते, मग अटेन्शनचे आठ तुकडे करून नेमका फायदा काय होतो? आणि प्रत्येक हेड खरोखर वेगळे काही शिकते का?»

ट्रान्सफॉर्मर ही भाषा-मॉडेलची रचना आहे. तिच्यात प्रत्येक शब्द आकड्यांचा सदिश बनतो, अटेन्शन म्हणजे एका शब्दाने इतर शब्दांकडून वजनांनुसार माहिती गोळा करणे, आणि ती गोळा करणारा प्रत्येक स्वतंत्र भाग म्हणजे हेड. आपल्याकडचेच एक वाक्य घेऊ: «सांगलीच्या शेतकऱ्याने यार्डात हळद विकली, कारण तिला चांगला दर मिळाला.» सोयीसाठी प्रत्येक शब्द म्हणजे एक टोकन, मॉडेल वाचते तो मजकुराचा एक तुकडा, असे मानू. प्रत्यक्षात टोकनायझर «शेतकऱ्याने» सारख्या शब्दाचे अनेक तुकडे करतो, पण त्याने मुद्दा बदलत नाही.

«विकली» या टोकनला एकाच थरात दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कोणी विकली आणि काय विकले. हेड एकच असेल, तर या टोकनपाशी गुणांचे वजनांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टमॅक्समधून वजनांचा एकच संच मिळतो आणि त्या वजनांची बेरीज १ असावी लागते. समजा «शेतकऱ्याने» ला ०.४५, «हळद» ला ०.४५ आणि उरलेल्या शब्दांना मिळून ०.१० वजन मिळाले. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. हेडच्या हाती येते ती या शब्दांच्या व्हॅल्यू सदिशांची, म्हणजे त्यांच्याकडून घ्यायच्या माहितीची, भारित बेरीज, आणि बेरजेत कोणता भाग कोणत्या कारणासाठी आणला होता याची नोंद राहत नाही. शिवाय एका शब्दाचे वजन वाढवायचे तर दुसऱ्याचे कमी करावेच लागते. «ने» या प्रत्ययाची खूण व्हॅल्यूमध्ये असू शकते हे खरे, परंतु कर्ता शोधताना आणि कर्म शोधताना वापरला जाणारा व्हॅल्यू मॅट्रिक्स तोच असल्यामुळे प्रत्येक संबंधासाठी वेगळी माहिती उचलण्याची सोय नसते.

आता दोन हेड घ्या. पहिले हेड ०.९ वजन «शेतकऱ्याने» ला देते, दुसरे तेवढेच वजन «हळद» ला देते, आणि दोघांची वजने स्वतंत्रपणे १ होत असल्याने त्यांच्यात ओढाताण उरत नाही. काय शोधायचे ते सांगणारा क्वेरी, ते कशाशी जुळवायचे ते सांगणारा की आणि माहिती देणारा व्हॅल्यू हे मॅट्रिक्स प्रत्येकाचे निराळे असतात. दोघांची उत्तरे आधी मिसळली जात नाहीत, ती शेजारी शेजारी जोडली जातात आणि मग शेवटचा आउटपुट मॅट्रिक्स त्यांना एकत्र आणतो. त्यामुळे कोणती माहिती कोणत्या हेडकडून आली हे त्या मॅट्रिक्सला जागेवरूनच कळते. माझ्या मते या रचनेचा खरा लाभ इथे आहे.

खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. २०१७ च्या शोधनिबंधातील ट्रान्सफॉर्मरच्या मूळ रचनेत ८ हेड आणि प्रत्येकाची रुंदी ६४ होती, म्हणजे एकूण ५१२. चारही मॅट्रिक्स मिळून प्रशिक्षणात शिकले जाणारे १०,४८,५७६ आकडे होतात, मग हेड एक असो वा आठ. फक्त अटेन्शनच्या वजनांचे तक्ते एकाऐवजी आठ ठेवावे लागतात. पण हेड वाटेल तितके लहान करता येत नाही. त्याच शोधनिबंधात इंग्रजी-जर्मन भाषांतर माणसाने केलेल्या भाषांतराशी किती जुळते हे दाखवणारा ब्लू गुणांक एका हेडने २४.९, आठ हेडने २५.८ आणि बत्तीस हेडने २५.४ आला होता. बत्तीस हेड असताना प्रत्येकाच्या वाट्याला केवळ १६ रुंदी येते, आणि क्वेरी व की यांची नेमकी जुळणी करायला ती अपुरी पडते असे मला वाटते.

कोणते काम कोणत्या हेडने करायचे हे कोणी ठरवून देत नाही. मॅट्रिक्समधील सुरुवातीचे यादृच्छिक आकडे प्रत्येक हेडसाठी वेगळे असतात आणि प्रशिक्षणात त्यातून कामे विभागली जातात. २०१९ मध्ये एलेना व्होइटा आणि सहकाऱ्यांना भाषांतराच्या मॉडेलमध्ये तीन प्रकारची महत्त्वाची हेड आढळली: लगतच्या शब्दाकडे पाहणारी, व्याकरणातील संबंध धरणारी आणि वाक्यातील दुर्मीळ शब्दांकडे वळणारी. इंग्रजी-रशियन मॉडेलच्या, मूळ वाक्य वाचणाऱ्या एन्कोडरमधील ४८ पैकी ३८ हेड काढूनही ब्लू केवळ ०.१५ ने घसरला. म्हणजे सर्वच हेड सारखी उपयोगी ठरत नाहीत. बर्ट या भाषा-मॉडेलमधील अनेक हेड तर बहुतांश वजन वाक्य संपल्याचे दाखवणाऱ्या `[SEP]` या खुणेवर टाकतात. बेरीज १ करणे भागच असल्यामुळे, सांगण्यासारखे काही नसताना ते वजन तिथे ठेवले जाते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

वजनांचा रंगीत तक्ता पाहून हेडला नाव देण्याची घाई करू नये, आणि मराठीत तर विशेष सावध राहावे. आपल्याकडे कर्म बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी येते. त्यामुळे केवळ मागच्या शब्दाकडे पाहणारे हेड «विकली» वरून «हळद» कडे पाहते आणि कर्म ओळखणारे हेड असल्याचा भास होतो. हे तपासण्यासाठी शब्दक्रम बदलावा: «हळद शेतकऱ्याने यार्डात विकली.» आता वजन «यार्डात» वर गेले, तर ते हेड केवळ स्थान पाहत होते. «हळद» वरच राहिले, तर पुढची पायरी म्हणून त्या हेडचे उत्तर शून्य करावे, क्रियापद झाकावे आणि मॉडेल «विकली» व «विकला» यांना किती संभाव्यता देते ते «हळद» आणि «ऊस» अशा जोड्यांवर मोजावे. योग्य रूपाची संभाव्यता बऱ्याच वाक्यांत घसरली, तरच कर्माचे लिंग क्रियापदापर्यंत पोहोचवण्यात त्या हेडचा वाटा आहे असे म्हणता येईल. ती घसरली नाही, तर तेच काम दुसरे एखादे हेडही करत असण्याची शक्यता असते, म्हणून मग हेड दोन-दोनच्या गटाने बंद करून पाहावीत.