लांबचं बिझनेस, छोटं इकॉनॉमी: 93 वालं तिकीट घ्यावं का?

प्रश्न: मॅडम, आम्ही दोघं नवरा-बायको जाणार आहोत. लांबचं विमान 9 तासांचं, त्याला जोडून दीड तासाचं छोटं, येताना तसंच उलटं. जातानाचं लांबचं रात्रीचं आहे, येतानाचं दिवसाचं. पूर्ण बिझनेसचं रिटर्न तिकीट 100 धरलं तर लांबचं बिझनेस आणि छोटं इकॉनॉमी असं 93 ला मिळतंय, पूर्ण इकॉनॉमी 31 ला. 93 वालं घेऊन टाकू का?

उत्तर: लगेच पैसे भरू नका, आधी हे 93 कसं बनलंय ते बघा, कारण मिक्स्ड तिकिटाची किंमत दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी लागते आणि स्क्रीनवर मात्र सगळं सारखंच दिसतं.

पहिली रीत म्हणजे थ्रू भाडं. प्रवास सुरू होतो तिथून शेवटच्या ठिकाणापर्यंत एकच बिझनेस भाडं लागतं, मधे विमान बदललं तरी, आणि छोट्या विमानात बिझनेसच्या सीट संपल्या असतील किंवा तिथे बिझनेस केबिनच नसेल तर त्याच भाड्यात तो तुकडा इकॉनॉमीत बुक होतो. यात तुम्हाला भाड्यात सूट काहीच मिळत नाही, फारतर केबिनप्रमाणे बदलणारे टॅक्स-सरचार्ज थोडे कमी होतात. असं तिकीट वाईट नाही, पण आपण पैसे वाचवले असं समजू नका, उलट तुम्ही बिझनेसचे पूर्ण पैसे भरलेत, त्यामुळे नंतर छोट्या विमानात बिझनेसची सीट मोकळी झाली तर एअरलाइनला फोन करून मागा, बऱ्याचदा भाड्याचा फरक न घेता बदलून मिळते.

दुसरी रीत, मधल्या विमानतळावर भाडं तोडायचं: छोट्याचं इकॉनॉमी भाडं अधिक लांबच्याचं बिझनेस भाडं. ऐकायला हेच स्वस्त वाटतं पण बऱ्याचदा बेरीज थ्रू भाड्याच्या वर जाते, कारण दुसऱ्या एअरलाइन थेट नेत असतात आणि वाटेत बदलायला लावणाऱ्या कंपनीला त्यांच्याशी स्पर्धा म्हणून थ्रू भाडं कमी ठेवावं लागतं, नुसत्या लांबच्या टप्प्यावर ती गरज नसते. तिसरी रीत डिफरन्शियलची, पूर्ण प्रवासाचं इकॉनॉमी भाडं धरून लांबच्या टप्प्यापुरता वर्गाचा फरक वर चढवायचा.

हे ओळखायचं कसं? पैसे भरायच्या आधी भाड्याचा तपशील उघडा आणि प्रत्येक विमानासमोरचा Fare basis म्हणजे भाड्याचा कोड बघा. जातानाच्या दोन्ही विमानांपुढे एकच कोड असेल, समजा DXRT, तर ती पहिली रीत. लांबच्यापुढे DXRT आणि छोट्यापुढे MLRT असं काही असेल तर ती दुसरी किंवा तिसरी रीत, म्हणजे दोन भाडी मिसळलीत, आणि मग रद्द करायचं किंवा तारीख बदलायची झाली तर दोन भाड्यांपैकी जे कडक त्याचे नियम सगळ्या तिकिटाला लागू शकतात. 7 वाचवायला घेतलेलं तिकीट एकदा तारीख बदलली की 7 पेक्षा जास्त खातं, हे नेहमीचं आहे. सोबत बॅगेजही बघून घ्या.

अजून एक, सर्चमध्ये बिझनेस टाकून सगळ्यात स्वस्त वर आणलं की कधीकधी छोटं विमान बिझनेस आणि 9 तासांचं इकॉनॉमी असं उलटं तिकीट वर येतं, वर बारीक अक्षरात Mixed cabin एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून केबिन प्रत्येक विमानाची वेगळी तपासा.

आता निर्णयाचं. तुमचा सगळा विचार 7 वर अडकलाय, मला 62 ची काळजी वाटते. इकॉनॉमीपेक्षा माणशी 62 जास्त, दोघांचे 124, म्हणजे तेवढ्यात चार माणसं इकॉनॉमीत जाऊन येतील. हा पैसा प्रवासासाठी बाजूला ठेवलेला असेल तर ठीक, हप्ते करून घेणार असाल तर माझं सरळ नाही.

बिझनेसचा खरा उपयोग आडवं होऊन झोपायला, आणि तो तुम्हाला जातानाच्या रात्री आहे. दीड तासात जेवण येईस्तोवर उतरायची वेळ होते, तिथे इकॉनॉमी बरोबरच आहे. पण येतानाचे 9 तास दिवसाचे, ते बिझनेसमध्ये कशाला? त्याच एअरलाइनला जाताना 93 वालं आणि येताना पूर्ण इकॉनॉमी असं एका रिटर्न तिकिटात विचारा. बऱ्याच रिटर्न भाड्यांचे अर्धे-अर्धे जोडता येतात, तसं झालं तर साडेसेहेचाळीस अधिक साडेपंधरा, म्हणजे साधारण 62 पडेल. 93 वाल्यापेक्षाही माणशी 31 वाचतात, नुसते 7 नाही. दोन्ही भाडी एकमेकांना जोडता येतात का आणि किमान मुक्कामाची अट काय आहे एवढं बुकिंगवाल्याकडून पक्कं करून घ्या. जोडता येत नसतील आणि येताना बिझनेस घ्यावंच लागत असेल तर 93 वालं घ्या, फक्त रद्द करायचे नियम 100 वाल्याइतकेच सैल असतील तर. कडक असतील आणि तारखा अजून पक्क्या नसतील तर ते 7 जास्त भरलेले बरे.