उशिराच्या प्रोजेक्टचं माफीपत्र: कारण खरं ते लिहा

प्रश्न: प्रोजेक्ट उशिरा दिल्याबद्दल टीचरना माफीचं पत्र कसं लिहू? कारण काय देऊ?

डिचोलीकडच्या एका हायर सेकंडरीत मी बॉटनी शिकवते. चवथीची सुट्टी संपली की अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत एकच वाक्य असतं, 'प्रकृती ठीक नसल्यामुळे वेळेवर देता आला नाही, क्षमा असावी.' त्यातून मला काहीच कळत नाही. प्रोजेक्ट कुठवर आलाय? बाकीचा कधी मिळणार? मार्कांची यादी थांबवायची की पाठवायची?

एका मुलीचं पत्र मात्र मी जपून ठेवलंय. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगून माटोळी बांधतात, प्रोजेक्ट त्या माटोळीतल्या वनस्पतींवर होता. पानं दाबून सुकवायची, फळांचे फोटो लावायचे, माहिती लिहायची. तिनं लिहिलं होतं:

'आदरणीय टीचर, सोमवारी द्यायचा प्रोजेक्ट आज गुरुवारी देत आहे, त्याबद्दल क्षमा मागते. चवथीच्या गडबडीत दाबलेल्या पानांचे कागद बदलायचे माझ्याकडून राहिले आणि पानांना बुरशी आली. म्हणून नवी पानं आणून पुन्हा दाबली. फोटो आणि माहिती पूर्ण आहे. कवंडळाचं पान अजून ओलं आहे, ते शनिवारी आणून लावते.'

सोबत बुरशीचं एक पानही जोडलं होतं, काळं पडलेलं, कडेला पांढरी लव. आपल्याकडच्या पावसात ओल्या पानाखालचा कागद सुरुवातीला रोज बदलावा लागतो, नाहीतर हेच होतं. त्यामुळे कारण खरं आहे हे मला बघताक्षणी पटलं. चूक तिनं एका वाक्यात कबूल केली आणि उरलेल्या कामाचा वार दिला. तुम्हीही एवढंच लिहा. घरच्या अडचणींची पानभर कहाणी नको.

आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी ते पत्र वाचून म्हटलं, 'बुरशी हे काय कारण झालं? डॉक्टरचं सर्टिफिकेट मागा.' मुलगी आजारी नव्हतीच, मग सर्टिफिकेट कसलं आणायचं तिनं? असले कागद मागून आपणच मुलांना खोटं बोलायला लावतो. मी तेव्हाही त्यांना हेच सांगितलं आणि आजही माझं मत तेच आहे. पान का कुजलं हे त्या मुलीला नेमकं कळलं होतं, आणि माझ्या विषयात मला तेच हवं असतं.

खरंच आजारी असाल तर मात्र तसं एका ओळीत लिहा, कागद असेल तर जोडा. तारीख अजून उलटली नसेल तर माफी कसली मागता, आधी जाऊन मुदत मागा. आणि उशिराचे मार्क कापायचा नियम असेल तर पत्रानं तो बदलत नाही, म्हणून पत्रात मार्कांचा विषयच काढू नका. पत्र प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावून स्वतः नेऊन द्या.