कॅपॅसिटरच्या मिश्र जोडणीत प्रत्येकावरचा चार्ज कसा काढायचा?

प्रश्न: 12 व्होल्टच्या बॅटरीला 6 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, त्याच्या पुढे एकसर 2 आणि 1 मायक्रोफॅरडची समांतर जोडी. एकूण 2 मायक्रोफॅरड आणि 24 मायक्रोकुलोम आले. पण तिघांवर 24 धरला की 1 मायक्रोफॅरडवर 24 व्होल्ट येतात! कुठे चुकतंय?

उत्तर: एकूण धारकता बरोबर आहे. समांतर जोडीची बेरीज 3, ती 6 शी एकसर, म्हणून (6 × 3)/(6 + 3) = 2. चूक त्यापुढची आहे. "एकसर जोडणीत चार्ज सारखा" हा नियम तुम्ही 2 आणि 1 यांना वेगवेगळा लावलात. 6 शी एकसर आहे ती त्यांची जोडी, ते दोघे सुटे नव्हेत.

हा नियम येतो कुठून ते पाहिलं की गोंधळ राहत नाही. आकृतीत 6 ची खालची प्लेट आणि 2 व 1 च्या वरच्या प्लेट्स यांच्याभोवती पेन्सिलने एक रेघ फिरवा. हा भाग बॅटरीला कुठेच जोडलेला नाही, जणू एक बेट. बाहेरून तिथे चार्ज येऊ शकत नाही. सुरुवातीला तिथला एकूण चार्ज शून्य होता, तर शेवटीही शून्यच राहणार. बॅटरीने 6 च्या वरच्या प्लेटवर +24 चढवले की तिच्या खालच्या प्लेटवर −24 येतात. मग बेटावरच्या उरलेल्या दोन प्लेट्सवर मिळून +24 असले पाहिजेत, प्रत्येकीवर नव्हे.

आता उलटं चला. 6 वर 24/6 = 4 व्होल्ट पडतात, म्हणून जोडीला उरले 12 − 4 = 8. समांतर असल्यामुळे दोघांवर हेच 8 व्होल्ट. Q = CV वापरून 2 वर 16 आणि 1 वर 8 मायक्रोकुलोम येतात, बेरीज 24.

मी विद्यार्थ्यांना शेवटी ऊर्जाही ताडून पाहायला सांगतो. ½CV² ने तिघांची ऊर्जा 48, 64 आणि 32 मायक्रोज्यूल येते, एकूण 144. एका 2 मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर 12 व्होल्ट धरले तरी 144 च. व्होल्टेजच्या वाटणीत चूक झाली असती, तर ही बेरीज 144 पेक्षा जास्त भरली असती.

एक अट मात्र विसरू नका: बेट सुरुवातीला रिकामं हवं. 6 चा कॅपॅसिटर आधीच चार्ज करून जोडला असेल, तर बेटावर शून्याऐवजी तो जुना चार्ज धरून समीकरण मांडावं लागतं आणि 2 मायक्रोफॅरडचं सूत्र थेट लावून 24 मिळत नाहीत.

प्रत्यक्ष सर्किटमध्ये इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असले तर त्यांतून किंचित गळती होते, म्हणजे बेट पूर्ण बंद नसतं. डीसी पुरवठा बराच वेळ राहिला की व्होल्टेजची वाटणी धारकतेऐवजी गळतीच्या रोधावर ठरू लागते. म्हणूनच जास्त व्होल्टेजला असे कॅपॅसिटर एकसर लावताना प्रत्येकाला समांतर एकेक मोठा रोध जोडतात.