गुणोत्तर ८० झालं म्हणून घरातलं सोनं मोडू नका

प्रश्न: सोनं-चांदीचं गुणोत्तर ८० च्या वर गेलं की सोनं विकून चांदी घ्यावी आणि खाली आलं की परत सोनं घ्यावं, असं सगळे सांगतात. घरात थोडं सोनं पडून आहे. करावं का असं?

मी सोलापुरात एका सराफी पेढीचे हिशेब पाहतो. हा सल्ला ऐकून आलेली माणसं अधूनमधून भेटतात. माझं मत आहे की, घरातल्या सोन्यासाठी हे करू नका.

एक ग्रॅम सोन्याच्या किमतीत किती ग्रॅम चांदी येते, एवढंच हे गुणोत्तर सांगतं. आपल्याकडे सोन्याचा भाव दहा ग्रॅमचा आणि चांदीचा किलोचा असतो, म्हणून सोन्याच्या भावाला १०० ने गुणायचं आणि चांदीच्या भावाने भागायचं. पण दुकानातल्या पाटीवरचा भाव बऱ्याचदा २२ कॅरेटचा असतो. तो धरलात तर खरं ८० असलेलं गुणोत्तर ७३ दिसेल. दोन्ही भाव शुद्ध धातूचे आणि जीएसटीशिवायचे घ्या.

आता तुमचा व्यवहार प्रत्यक्ष मांडून बघू. तुमच्याकडे दहा ग्रॅमचं चोख वळं आहे आणि गुणोत्तर ८० आहे. कागदावर ८०० ग्रॅम चांदी यायला हवी. मोड घेताना सराफाने दोन टक्के कापले असं धरा, म्हणजे ९.८ ग्रॅमचे पैसे हातात आले. चांदी घेताना तीन टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे मिळाली साधारण ७६१ ग्रॅम. पुढे ती विकताना तीन टक्के घट धरली तर ७३८ ग्रॅमचे पैसे येतील, आणि सोनं परत घेताना पुन्हा तीन टक्के जीएसटी. एवढं सगळं होऊन तेच दहा ग्रॅम परत मिळायला गुणोत्तर ८० वरून ७२ च्या जवळ यावं लागतं. वळ्याऐवजी दागिना मोडलात तर मूळची मजुरी गेलीच, शिवाय नफ्यावरचा कर वेगळा. घटीचे टक्के दुकानागणिक बदलतील, दुकानात विचारून तुमचे आकडे घाला.

मग गुणोत्तर खाली येईपर्यंत थांबू, असं तुम्ही म्हणाल. २०१८ मध्ये जागतिक बाजारात ते ८० च्या वर गेलं तेव्हाही हाच सल्ला मिळत होता. २०१९ मध्ये ते ९० च्या पुढे गेलं आणि मार्च २०२० मध्ये १२० ओलांडून गेलं. त्या दिवसांत वरच्या ७६१ ग्रॅम चांदीचं, कसलीही घट न धरता, जेमतेम सव्वासहा ग्रॅम सोनं झालं असतं. ऑगस्ट २०२० मध्ये गुणोत्तर सत्तरच्या आसपास उतरलं. म्हणजे दोन वर्षं जीव मुठीत धरून थांबलेला माणूस जेमतेम मुद्दलावर आला असता.

असं होतं, कारण दोन्ही धातूंचे भाव वेगळ्या गोष्टींवर हलतात. चांदीची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची आहे: सोलर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. मार्च २०२० मध्ये कारखाने बंद पडू लागले आणि चांदी कोसळली. सोनं मात्र रिझर्व्ह बँकेसारख्या बँकाही तिजोरीत धरून ठेवतात. त्यामुळे गुणोत्तर वाढलं म्हणजे चांदी स्वस्त झाली असं नाही. उद्योगांचं पुढचं वर्ष वाईट जाईल, असंही बाजाराला वाटत असू शकतं. आणि ते उतरलं तरी चांदी चढेलच असं नाही, सोनं जास्त पडलं तरीही ते उतरतं.

८० या आकड्यालाही तसा आधार नाही. अमेरिकेने १७९२ च्या कायद्यात १५ ठरवलं होतं. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या धनाढ्य हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी चढली तेव्हा ते १७ च्या आसपास होतं, १९९१ मध्ये शंभरीजवळ आणि एप्रिल २०११ मध्ये बत्तीसच्या आसपास. सरासरी कोणती काढायची, हे तुम्ही किती वर्षं धरता त्यावरच ठरतं.

आपल्याकडे यात आयातशुल्काचा घोळही मिसळतो. जुलै २०२२ मध्ये सोन्यावरचं शुल्क १५ टक्के झालं, चांदीवरचं १०.७५ टक्केच राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चांदीवरचंही १५ टक्के झालं. मधल्या महिन्यांत भारतातलं गुणोत्तर जगापेक्षा तीन-चार टक्के जास्त दिसत होतं आणि त्या फरकाचा मागणी-पुरवठ्याशी काही संबंध नव्हता. जुने आकडे ताडून पाहाल तर शुल्क कधी बदललं तेही बघा.

मी स्वतः हे गुणोत्तर फक्त नव्या खरेदीच्या वेळी बघतो. दिवाळीला पैसे गुंतवायचेच असतील आणि ते ९०-१०० वर असेल, तर थोडा वाटा चांदीला जास्त देतो. त्यात काही मोडावं लागत नाही, म्हणून अंदाज चुकला तरी वर मांडलेली दुहेरी घट सोसावी लागत नाही. तुमचं सोनं आहे तिथेच राहू द्या.