10 ला दहा म्हणायचं का?

प्रश्न: "हेक्स मधे 10 दिसलं की दहा म्हणायचं की सोळा? आणि 1F ला एकोणीस, एकतीस सारखा काही शब्द आहे का? शून्य ते एकतीस कोणीतरी नीट मोजून दाखवा."

दहा तर अजिबात नको. वाचताना "एक शून्य" म्हणायचं, आणि कोणी किंमत विचारली तर सोळा सांगायचं. 1F म्हणजे "एक एफ", किंमत एकतीस. वेगळं नाव नाही, आणि का नाही तेच खरं गमतीचं आहे.

आधी मोजून टाकू. हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळा चिन्हांनी मोजायची पद्धत. गोंधळ नको म्हणून सोळाच्या पद्धतीतलं सगळं इंग्रजी आकड्यांत लिहितो आणि आपलं रोजचं मोजणं देवनागरीत.

```
0  1  2  3  4  5  6  7  8  9  A  B  C  D  E  F
10 11 12 13 14 15 16 17 18 19 1A 1B 1C 1D 1E 1F
```

वरची ओळ ० ते १५, खालची १६ ते ३१. नऊपर्यंत काही वेगळं नाही, पुढे दहाला A, अकराला B, असं करत पंधराला F. इथे बरेच जण घसरतात, चिन्हं सोळा आहेत म्हणून F म्हणजे सोळा असं धरतात, पण पहिली जागा शून्याने खाल्लेली असते त्यामुळे F पंधरावरच थांबतो. सोळाला स्वतःचं चिन्हच नाही, जसं आपल्याकडे दहाला नाही, तिथे १ लिहून शून्य ठेवतो तसंच. दुसरी घसरण 19 वर होते, हात सवयीने 20 लिहून मोकळा होतो, पण अजून A ते F बाकी असतात ना. 19 नंतर 1A, आणि 20 येतं ते 1F च्या नंतर, त्याची किंमत ३२.

किंमत काढायला डावीकडच्या आकड्याला सोळाने गुणा आणि उजवीकडचा मिळवा, 1F मधे १ गुणिले १६ अधिक १५, झाले ३१. 1A मधे १६ अधिक १०, म्हणजे २६.

आता शब्दांकडे येऊ. 10 ही नुसती दोन चिन्हं आहेत, त्यांची किंमत कोणत्या पद्धतीत लिहिलंय त्यावर ठरते. "दहा" हा शब्द मात्र चिन्हांचं नाव नाहीच, तो तेवढ्या वस्तूंचं नाव आहे. आणि आपले पुढचे शब्द तर दहाच्याच मातीचे घडवलेले आहेत. अकरा म्हणजे एकादश, बारा म्हणजे द्वादश, त्यातला "रा" हा "दश" झिजून उरलेला तुकडा. 12 ला बारा म्हटलं की तुम्ही तोंडाने "दोन आणि दहा" म्हणताय आणि कागदावर आहे दोन आणि सोळा. एकोणीस तर याहून भारी, एकोणीस म्हणजे एक कमी वीस. पण इथे 20 च्या एक अलीकडे कोण बसलंय? 1F! म्हणजे शब्दाच्या चालीने बघितलं तर एकोणीस हे नाव 19 पेक्षा 1F ला जास्त शोभेल, आणि त्याची किंमत आहे एकतीस. असा सगळा घोळ, म्हणून नावं उधार घेऊ नका, एकेक आकडा सुटा वाचा.

(जाता जाता, या पद्धतीला मराठीत षोडशमान म्हणतात, आणि षोडश म्हणजे षट् अधिक दश, सहा आणि दहा. हेक्साडेसिमलमधे पण तेच, ग्रीक हेक्सा म्हणजे सहा आणि पुढे लॅटिनमधून आलेलं दहा. सोळाची पद्धत, पण नावात दहा आहेच, सुटका नाही.)

याचा फटका मला स्वतःला बसलाय. एक टेक्स्ट फाईल समोरच्याच्या प्रोग्राममधे नीट उघडत नव्हती, मी फोनवर म्हटलं हेक्स व्ह्यूअरमधे उघड आणि दहा नंबरचं कॅरॅक्टर कुठे कुठे आहे ते बघ, म्हणजे ओळ संपल्याची खूण. त्याने इमानदारीत 10 शोधलं आणि सांगितलं एकही नाही. मी अर्धा तास फाईलमधे ओळी तुटतच नाहीत असं धरून बसलो! त्याच्यासमोर साधारण हे होतं:

```
4F 4B 0D 0A 31 32 0D 0A
```

ओळ संपल्याची खूण किंमतीने १०, पण हेक्समधे ती 0A दिसते. तिच्या आधीचं 0D म्हणजे १३, विंडोजवर बनलेल्या टेक्स्ट फाईलींत ही जोडी सहसा सोबतच असते, लिनक्सवर नुसतं 0A. आणि तो शोधत होता ते 10 म्हणजे १६, एक वेगळंच कंट्रोल कॅरॅक्टर, साध्या टेक्स्टमधे सहसा नसतंच. मी "शून्य ए" म्हटलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याच ओळीतलं 31 पण बघा, ते एकतीस नाही, ३ गुणिले १६ अधिक १ म्हणजे ४९, आणि स्क्रीनवर ते "1" हे अक्षर म्हणून उमटतं.

तुम्ही ० ते ३१ च का विचारलंत माहीत नाही पण योगायोग छान आहे, कारण ASCII मधे, म्हणजे प्रत्येक कॅरॅक्टरला नंबर देणाऱ्या तक्त्यात, 00 ते 1F ही पूर्ण पट्टी याच न दिसणाऱ्या कंट्रोल कॅरॅक्टर्सची आहे, टॅब 09, एस्केप 1B, आणि ती संपली की लगेच 20 वर स्पेस.

समोरचा आकडा हेक्स आहे की साधा हे कसं ओळखायचं? A ते F पैकी काही दिसलं तर बहुतेक वेळा प्रश्न मिटला. नाहीतर पुढे 0x (0x10) किंवा मागे h (10h) लावलेलं असतं. यातलं काहीच नसेल तर 10 कडे कितीही टक लावून बघा, ते स्वतःहून सांगणार नाही, ज्याने लिहिलंय त्याला विचारा. शंका आली तर पायथनमधे एका ओळीत तपासता येतं:

```
int("1F", 16)    # 31
format(26, "X")  # 1A
```

शेवटी उच्चाराचं. आकडे मराठीत आणि अक्षरं ए बी सी डी, अशीच भेसळ मी वापरतो, पूर्ण इंग्रजीत "एट" आणि "ए" कानाला जवळ येतात, "आठ" आणि "ए" येत नाहीत. पण मराठीतही एक खड्डा आहेच, एक आणि एफ. खराब लाईनवर "एक एफ" हे हमखास "एक एक" ऐकू येतं, म्हणजे 1F चं 11, एकतीसचे सतरा झाले. बी, सी, डी, ई तर सगळे एकाच सुरात. म्हणून फोनवर मी आकडे सांगून झाले की किंमतही सांगतो, "एक एफ, म्हणजे एकतीस", समोरच्याने 11 लिहिलं असेल तर तो तिथेच अडतो.