श्रुतिकेत सीन बदलला हे कानाला कसं कळवायचं

प्रश्न: सहा आवाजांची अर्ध्या तासाची श्रुतिका करतोय. निम्मे सीन जेटीवर, निम्मे घरात. मागे समुद्र टाकलाय, मध्ये फेड करतो, तरी ऐकणारे विचारतात हे आता कुठे बोलतायत? सूत्रधार घालू का?

सूत्रधार नका घालू. तुमच्या घरात आणि जेटीवर समुद्र सारखाच वाजतोय बहुतेक, म्हणून फेड केला तरी कानाला जागा बदललेली कळत नाही. मी देवगडकडचा, आमच्या पहिल्या श्रुतिकेत हेच झालेलं. नेटवरून समुद्राची वीस सेकंदांची फाईल घेतली आणि परत परत जोडली, तर एक जण म्हणाला पाऊस छान वाजलाय, आणि दुसऱ्याला तीच एक लाट दर वीस सेकंदांनी फुटताना ऐकू आली.

समुद्राचा एकसंध सूं आवाज पावसासारखाच असतो, त्याला समुद्र करतं ते लाटेचं येणं, फुटणं आणि वाळूवरून मागे ओढलं जाणं. त्यामुळे स्वतः रेकॉर्ड करा, पहाटे, मतलई हलकी असते तेव्हा. दुपारी खारं वारं सुटलं की माईकवर नुसती फडफड येते. माईकला फोमची टोपी घाला, सलग पाच-सहा मिनिटं घ्या आणि तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण जेटीवरून घरात शिरतो तेव्हा समुद्र बंद होत नाही, त्याची सळसळ भिंतीत अडकते आणि खालचा घुमारा तेवढा आत येतो. तेच करायचं. समजा सीन तीनमध्ये मुलगा जेटीवर म्हणतो, "होडी इकूया बाबा," आणि सीन चारमध्ये आई स्वयंपाकघरात आहे. ऑडॅसिटीत समुद्राच्या ट्रॅकची `Duplicate` ने कॉपी काढा, दोन्ही ट्रॅक वेळेला तंतोतंत एकावर एक राहतात. खालच्या कॉपीवर `Low-Pass Filter` लावा, साधारण १००० हर्ट्झ, रोल-ऑफ १२ डीबी. मग वरचा ट्रॅक दाराचा आवाज संपेपर्यंत ठेवा आणि खालचा दाराच्या आवाजापासून सुरू करा, जेवढा भाग दोन्हीकडे येतो (अर्धा सेकंद पुरे) तो निवडून `Crossfade Tracks`. लाट तीच, फक्त दार लागल्यावर ती बाहेर राहिली, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं.

त्याच्या आधी एक छोटं काम. "होडी इकूया" नंतर कोणाचाच शब्द नको, तीन सेकंद समुद्र एकटा वाजू द्या आणि तेवढ्यापुरता थोडा वर घ्या, सहा डीबी बास. त्या गप्प बसण्यात बापाचं उत्तर आहे, ते संगीत टाकून भरू नका. आणि विळीवर नारळ खोवायचा आवाज दाराच्या किंचित आधी, लाटेखालीच सुरू करा, म्हणजे दार लागेपर्यंत कान घरात पोचलेला असतो. संवाद सुरू झाला की समुद्र आवाजापेक्षा पंधरा-वीस डीबी खाली पाहिजे, नाहीतर स, श, फ लाटेत बुडतात.

एक अडचण सांगून ठेवतो, फिल्टर ५०० च्या खाली नेलात तर हेडफोनवर सुंदर वाटेल पण मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर समुद्र गायबच होईल, कारण तो खालचे स्वर वाजवतच नाही. आणि आपल्याकडे ऐकणारे बरेचसे मोबाईलवरच ऐकणार. म्हणून प्रत्येक सीन मोबाईल टेबलावर ठेवून ऐका, आणि जागेची खूण एकट्या समुद्रावर सोडू नका, नारळ किंवा दार अशी एक तरी टोकदार खूण हवी.

आवाजांचं बघा. सहा जणांनी आपापल्या घरी रेकॉर्ड केलं असेल तर कितीही फिल्टर लावा, बाप टाइल्सच्या खोलीत आणि मुलगा कपाटात वाटतो. निदान एका सीनमधले सगळे एका खोलीत घ्या, भिंतींना गोधड्या, पंखा बंद. बाहेरून कोण येत असेल तर त्याचा आवाज स्लायडरने हळूहळू वाढवू नका, त्याने माणूस जवळ येत नाही, नुसता मोठ्याने बोलतो. लांब असताना आवाजात खोली जास्त ऐकू येते आणि जवळ येताना ती मागे पडते, म्हणून नटालाच माईकपासून चार पावलांवरून बोलत चालत यायला सांगा. आमची आजी झालेली बाई पडवीतून "कोण आसा रे?" म्हणत अशीच आली, तिच्या त्या वाक्यावर आम्ही काहीही एडिट केलं नाही.

जेटीवरचे संवाद मात्र खोलीत नका घेऊ, खोलीचा घुमा मोकळ्या हवेत खपत नाही. खळ्यात घ्या, भिंतींपासून लांब, माईक तोंडापासून वीतभर, आणि समुद्र नंतर खाली घाला.