फ्लिप टर्नमधे वेळ नेमका कुठं जातो

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, सोलापूरला २५ मीटरच्या तलावावर पोहते. १०० मीटर फ्रीस्टाइलमधे मधल्या टप्प्यात ती बरोबरीच्या मुलींच्या पुढे असते पण प्रत्येक भिंतीपाशी मागे पडते. स्टार्ट आणि टर्नमधे जाणारा वेळ कमी कसा करायचा?

उत्तर:

ताई, मी इथंच सकाळच्या बॅचला मुलांना पोहायला शिकवतो. आधी एक काम करा, मोबाईल घेऊन काठावर उभं राहा आणि तिच्या एका टर्नचा, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून परत फिरण्याचा, व्हिडिओ काढा, स्लो मोशन असेल तर उत्तमच. भिंतीच्या अलीकडं ५ मीटरवर डोकं आलं की मोजायला सुरुवात करायची आणि टर्न मारून १० मीटरवर डोकं परत दिसलं की थांबायचं. बॅकस्ट्रोकसाठी वर दोरीला झेंडे लावतात ते भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर असतात, ते नसतील तर काठावर खडूनं खूण करा. मग तलावाच्या मधे नुसतं पोहताना १० मीटरला किती लागतात ते पण मोजा.

आमच्याकडच्या एका मुलीचं सांगतो. मधे १० मीटरला तिला ७.७ सेकंद लागायचे, म्हणजे त्याच वेगानं १५ मीटरला साधारण ११.५ सेकंद व्हायला पाहिजेत. टर्नसकट १५ मीटर मात्र १२.२ सेकंदात. आता बघा, भिंतीला लाथ मारल्यावर जो वेग मिळतो तो पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळं चांगल्या टर्नला हे १५ मीटर नुसत्या पोहण्यापेक्षा कमी वेळात व्हायला पाहिजेत, हिचा उलटा जास्त वेळ जात होता. म्हणजे भिंत तिला वेग देण्याऐवजी खात होती, आणि २५ च्या तलावात १०० मीटरला ती भिंत तीनदा येते.

मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. डोकं खाली गेल्यापासून पाय भिंतीला लागेपर्यंत दीड सेकंद. पाय भिंतीवर ०.७ सेकंद. आणि बाहेर आली ती साडेतीन मीटरवरच, आल्या आल्या पहिल्याच हाताला श्वास. तीन ठिकाणी गळती.

पहिली गळती भिंतीच्या अलीकडं. ही बहुतेक सगळ्या मुलांची असते, भिंत किती लांब आहे बघायला डोकं वर काढतात, डोकं वर गेलं की कंबर खाली जाते आणि वेग तिथंच मरतो, मग कोलांटी मारायला जोर कुठून येणार. तळाला जी काळी रेघ असते ती भिंतीच्या २ मीटर अलीकडं संपते आणि तिथं आडवी पट्टी असते, टी सारखी. नजर त्याच्यावर ठेवायची. डोकं पट्टीवर आलं की अजून एक हात आणि कोलांटी, हे ढोबळ माप, उंच मुलगी असेल तर थोडं आधी. जुन्या तलावात खुणा धड नसतात तिथं झेंड्यांपासून हात मोजायचे, आणि झेंड्यांच्या आत आल्यावर शक्यतो श्वास नाही. आत जाताना दोन्ही हात मांड्यांशी थांबलेले असावेत, हनुवटी छातीला, गुडघे आवळून. अंग जितकं लहान तितकी कोलांटी लवकर होते.

दुसरी गळती भिंतीवर. इथं अंतर सगळं ठरवतं. भिंतीच्या फार जवळ जाऊन कोलांटी मारली की टाचा पार कुल्ल्यांना लागतात, आणि पूर्ण बैठकीतून उडी मारायला जसा वेळ लागतो तसा इथं लागतो. फार लांबून मारली तर नुसती बोटं टेकतात, पाय आधीच सरळ, ढकलायला काही उरतच नाही. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, ११०-१२० अंशाच्या आसपास, हे बरं पडतं. व्हिडिओ बाजूनं काढलेला असेल तर दिसतं. पावलं पृष्ठभागाच्या साधारण फूटभर खाली टेकली पाहिजेत. पोरगी ढकलल्यावर तळाकडं जात असेल तर पाय वर लागतायत, आणि लगेच वर येत असेल तर खाली लागतायत, एवढं लक्षात ठेवलं तरी काठावरनं कळतं काय चुकतंय.

आणि एक, पाय भिंतीवर असताना पालथं व्हायचा प्रयत्न करायचा नाही! आमच्या मुलीचे ०.७ सेकंद त्याच्यातच जायचे, पाय टेकवायची, मग अंग वळवायची, मग ढकलायची. पाठीवरच किंवा जरा कुशीवर असतानाच ढकलून द्यायचं आणि वळायचं ते पुढं जाता जाता. डोक्याच्या वर हात एकावर एक आधीच गेलेले असले पाहिजेत, म्हणजे पाय टेकले की लगेच ढकलता येतं.

तिसरी गळती मला सगळ्यात जास्त खटकते कारण ती फुकटची आहे. भिंतीनं दिलेला वेग वर येऊन घालवायचा. पृष्ठभागाला लाटा तयार होतात आणि त्या लाटा तुमचा वेग खातात, शिवाय आपल्याच मागनं आलेलं पाणी समोरून अंगावर येतं. अर्धा मीटर खाली राहिलं तर हे दोन्ही बरंच टळतं. हात कानामागं घट्ट, अंग ताठ, आणि वेग उतरायच्या आत डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून एकदम मारायची लाथ. लगेच लाथा मारल्या तर ढकलण्याचा वेग मोडतो, उशिरा मारल्या तर अंग थांबत आलेलं असतं, त्यामुळं पाय सुटल्यावर थोडंसं सरकून मग किक चालू.

किती लांब पाण्याखाली जायचं? नियमानं फ्रीस्टाइलमधे १५ मीटरपर्यंत डोकं बाहेर आलं पाहिजे. हा नियम आला त्याचं कारण १९८८ चं सोल ऑलिम्पिक, १०० मीटर बॅकस्ट्रोकला अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा डाइची सुझुकी सुरुवातीची निम्म्याहून जास्त लेन पाण्याखालूनच गेले, सुझुकीला सोनं मिळालं, आणि मग पाण्याखालच्या अंतराला मर्यादा घातली गेली. पण १४ वर्षांच्या मुलीनं त्यांची नक्कल करायची नाही हो. तिची किक तिच्या पोहण्यापेक्षा हळू असेल तर खाली राहून तोटाच आहे. आमच्या मुलीला ६ मीटरपर्यंत खाली ठेवलं आणि बाहेर येताना पहिल्या हाताला श्वास बंद केला, बाकी काही नाही.

शेवटी तिची कोलांटी ०.४ नं, भिंतीवरचा वेळ ०.३ नं आणि बाहेरचा भाग ०.२ नं कमी झाला, टर्न आला ११.३ वर. तीन टर्नचे मिळून २.७ सेकंद, पोहण्याचा वेग तोच.

सराव करताना पूर्ण लेन लागत नाही, एप्रिल-मे मधे आपल्याकडं तलावावर केवढी गर्दी असते तुम्हाला माहितीये. ८ मीटरवरून जोरात यायचं, टर्न, ६ मीटरला बाहेर, थांबायचं, दम घ्यायचा, परत. दमलेल्या अंगानं केलेला टर्न चुकीचा पक्का होतो. आणि श्वास कोंडून कोण किती लांब जातं असल्या पैजा लावू देऊ नका, त्यात पाण्याखालीच शुद्ध जाऊ शकते.

स्टार्टचं थोडक्यात, पाण्याखालचं सगळं वर सांगितलं तेच लागू. हात, डोकं, कंबर, पाय एकाच जागेतून पाण्यात शिरले पाहिजेत, पोट आपटलं तर उडीचा सगळा वेग तिथंच संपतो. मोठ्या स्पर्धांत ज्यावरून सूर मारतात त्या ब्लॉकला मागं तिरकी पाटी असते, एक पाय तिच्यावर ठेवून ढकलतात, ऑलिम्पिकमधे ती २०१२ ला लंडनला आली. तुमच्या तलावावर ती नसेल तरी एक पाय पुढं एक मागं असाच सराव करू द्या. पण सूर फक्त खोल बाजूनंच! ब्लॉकखाली पाणी कमीत कमी १.३५ मीटर पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणजे जवळजवळ साडेचार फूट, आणि शिकणाऱ्या मुलीला मी तर त्याहून खोल बघतो. उथळ बाजूला तिला टर्नच करू द्या.